फोटोतला बाहीचा पॅटर्न: कात्री लावण्याआधी रेषा, खाचा आणि बाण कसे वाचायचे

शर्टासारख्या एका साध्या टॉपचा कागदी पॅटर्न माझ्याकडे होता. पुढचा भाग आणि पाठ घरात सापडली, पण बाहीचा कागद बहिणीकडेच राहिला होता. तिने तो जमिनीवर पसरला, उभ्याने फोटो काढला आणि पाठवून दिला. त्या एका फोटोवरून बाही बेतताना जे जे तपासावं लागलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण मुद्दाम बाहीचं घेतलं आहे. बाही एकटी शिवून होत नाही, ती मुंढ्यात बसावी लागते. त्यामुळे वाचण्यात झालेली चूक सगळ्यात आधी बाहीत उघडी पडते.

आधी फोटो तपासा, मग पॅटर्न

फोटो उघडल्यावर पहिल्यांदा छापलेली अक्षरं बघा. ती उलटी दिसत असतील तर फोटो आरशासारखा फिरलेला आहे. पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत असं बऱ्याचदा होतं. दोन बाह्या एकमेकींच्या उलट कापायच्या असतात, म्हणून बाहीत ही चूक खपून जाते. पण एकाच बाजूला येणारा भाग असेल, म्हणजे तिरकी पट्टी किंवा एकाच बाजूचा खिसा, तर तो चुकीच्या बाजूचा कापला जाईल. फोटो फिरवून अक्षरं सुलटी करून घ्या आणि मगच पुढे जा.

त्यानंतर चारही कडा पाहा. तुकड्याची एखादी कड फोटोच्या बाहेर गेली आहे का? घडीवर ठेवण्याची खूण नेमकी कडेलाच असते. ती फोटोत आली नाही, तर अखंड कापायचा पुढचा भाग आपण दोन तुकड्यांत कापून बसतो. कड अपुरी असेल तर फोटो पुन्हा मागवा. अंदाजाने कड पूर्ण करू नका.

आता मापाचा प्रश्न. फोटोला स्वतःचं माप नसतं. बहुतेक छापील पॅटर्नवर तपासणीचा एक चौकोन असतो, कुठे 10 सेंटीमीटरचा, कुठे 5 सेंटीमीटरचा, तर कुठे इंचात. त्याच्या बाजूला किती माप हवं ते लिहिलेलं असतं. हा चौकोन आडवा मोजा आणि उभाही मोजा. दोन्ही मोजणं का गरजेचं आहे ते पुढे कळेलच, कारण मी सुरुवातीला फक्त उभी बाजू मोजली होती. स्क्रीनवर पिक्सेल मोजता आले तर उत्तम. नाही तर छापून पट्टीने मोजा. चौकोन नसेल आणि फोटो काढणारी व्यक्ती ओळखीची असेल, तर तिला तुकड्याच्या शेजारी एक लांब पट्टी आडवी आणि एक उभी ठेवून फोटो पुन्हा काढायला सांगा. कोरा ए-फोर कागद ठेवला तरी चालतो, तो 210 बाय 297 मिलिमीटरचा असतो. मात्र ही वस्तू कापायच्या तुकड्याच्या जवळच आणि त्याच्याच पातळीवर सपाट ठेवलेली हवी.

चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजूही पाहा. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा आखूड दिसत असेल तर कॅमेरा तिरका धरला होता. कॅमेऱ्यापासून लांबची बाजू लहान दिसते, म्हणून सगळा तुकडा वरच्या अंगाला निमुळता झालेला असतो. फोटो सगळीकडून सारखा मोठा-लहान केला तर हा दोष जात नाही. फोटो संपादनाच्या अ‍ॅपमध्ये चार कोपरे वेगवेगळे ओढण्याची सोय असते. ती वापरून चौकोन खऱ्या चौकोनासारखा होईपर्यंत कोपरे ओढावे लागतात. त्याहून बरा उपाय म्हणजे फोटोच नीट काढणं. कागद सपाट पसरा, फोन कागदाला समांतर धरा, थोडं लांब उभं राहून झूम करा आणि तुकडा फोटोच्या मध्यभागी ठेवा. फोनच्या भिंगाने कडेच्या सरळ रेषा किंचित वाकतात, मध्यभागी हा दोष सगळ्यात कमी असतो.

कुठली रेषा छापलेली, कुठली घडीची

फोटोत दिसणारी प्रत्येक रेषा पॅटर्नची नसते. पातळ कागद घडी घालून ठेवलेला असतो आणि फोटोत घडीची खूण छापील रेषेइतकीच ठळक येऊ शकते. बहिणीच्या फोटोत बाहीच्या मधोमध एक आडवी रेषा होती. मला ती लांबी वाढवण्या-घटवण्याची रेषा वाटली. नीट मोठं करून पाहिल्यावर दिसलं की ती रेषा बाहीच्या बाहेर, कागदाच्या कोऱ्या भागातही तशीच पुढे गेली होती. छापील रेषा तुकड्याच्या हद्दीत संपते. घडी कशालाच जुमानत नाही, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. शिवाय घडीच्या एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला सावली असते, छापील रेषेची जाडी आणि रंग मात्र सारखा राहतो. लांबीची खरी रेषा बहुधा जोडीने असते, जवळजवळ दोन समांतर रेषा, आणि तिथे तसं लिहिलेलंही असतं.

घडी ओळखून एवढ्यावर थांबू नका. जिथे घडी आहे तिथे कागद उचललेला असतो आणि फोटोत तेवढी लांबी कमी दिसते. फोटो पुन्हा काढायचा असेल तर पातळ कागदावरून कोमट इस्त्री फिरवायला सांगा, पण वाफ न सोडता. वाफेने कागद आकसतो आणि सुरकुततो.

आता कापायची रेषा. एकाच मापाचा पॅटर्न असेल तर बाहेरची सलग रेषा कापायची आणि तिच्या आत असलेली तुटक रेषा शिवायची. एका कागदावर बरीच मापं असतील तर बाहेरच्या रेषा पाच-सहा असतात, एकीत एक बसवलेल्या. त्यांतली एक सलग, एक लांब तुकड्यांची, एक तुकडा-ठिपका अशी असते. कुठली रेषा कुठल्या मापाची हे कागदावर लिहिलेलं असतं. अशा पॅटर्नवर शिवायची रेषा बहुधा छापलेली नसते, नाही तर जाळंच होईल. तेव्हा तिथली तुटक रेषा शिलाईची समजू नका, ती एखाद्या मापाची कापायचीच रेषा असते. ही गल्लत फार होते आणि तिने कपड्याचं माप चुकतं.

आपली रेषा पकडायची ती रेषा एकमेकींपासून सगळ्यात लांब असतात तिथून. बाहीत ती जागा म्हणजे काखेचा कोपरा. गोलाईच्या वरच्या टोकाला त्या इतक्या जवळ येतात की फोटोत एकच जाड रेघ दिसते. तिथून सुरुवात केली तर चुकीच्या रेषेवर घसरायला वेळ लागत नाही. काखेच्या कोपऱ्यात आतून रेषा मोजा, तुमच्या मापाची कितवी आहे ते लिहून ठेवा आणि छापलेल्या फोटोवर रंगीत पेनने ती पूर्ण फिरवा. काही ठिकाणी या रेषा एकमेकींना छेदून जातात. म्हणून प्रत्येक वेळी क्रमांकावर न जाता रेषेचा तुकडा-ठिपका बघत पुढे जा.

माया धरलेली आहे की नाही, हे ठरवल्याशिवाय काहीही मोजण्यात अर्थ नाही. घरगुती शिलाईच्या बऱ्याच छापील पॅटर्नमध्ये 1.5 सेंटीमीटर किंवा पाच अष्टमांश इंच माया धरलेली असते. काहींमध्ये 1 सेंटीमीटर असते. मासिकांबरोबर येणाऱ्या, अनेक पॅटर्न एकावर एक छापलेल्या कागदांवर ती अनेकदा धरलेलीच नसते, आपण सोडायची असते. सूचनापत्र हाताशी नसेल तर कोपऱ्यातले छोटे गोल ठिपके बघा. ठिपका कोपऱ्याच्या आत, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर असेल, तर दोन शिलाया तिथे भेटतात. ते अंतर म्हणजेच माया. माझ्या फोटोत ठिपका दोन्ही कडांपासून साधारण 1.5 सेंटीमीटर आत होता, म्हणजे माया आत धरलेली होती. ठिपका नेमका कापायच्या रेषेवरच असेल तर माया धरलेली नाही असं समजायला जागा आहे. तरीही दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यावर ते पडताळून पाहा.

खाचा: बाहीची पुढची बाजू कुठली, आणि फोटो खरा आहे का

कापायच्या रेषेवर छोटे त्रिकोण, चौकटीच्या पत्त्यासारखे चौकोन किंवा नुसत्या आडव्या रेघा दिसतात. या खाचा. दोन वेगळ्या तुकड्यांवरच्या सारख्या खाचा शिवताना एकमेकींवर येतात. बाहीत रूढ पद्धत अशी की एकेरी खाच पुढच्या बाजूला आणि दुहेरी खाच पाठीच्या बाजूला. पुढच्या मुंढ्यावर एकेरी आणि पाठीच्या मुंढ्यावर दुहेरी खाच आहे ना, हे त्या तुकड्यांवर बघून खात्री करा. बाहीची पुढची आणि मागची गोलाई वेगळी असते, पुढची जास्त आत कोरलेली असते. बाह्यांची अदलाबदल झाली तर हात पुढे नेताना कापड पाठीवर ओढलं जातं. फोटो अस्पष्ट असेल तर दुहेरी खाच एकेरी वाटू शकते, म्हणून या दोन जागा जरूर मोठ्या करून पाहा. अनेक मापांच्या कागदावर प्रत्येक मापाची खाच वेगळी असू शकते. तुमच्या रेषेवर बसलेली खाच तुमची.

खाचांचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांच्यावरून फोटोचं माप खरं आहे की नाही हे पकडता येतं.

बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी लांब ठेवलेली असते, न ताणणाऱ्या कापडात बहुधा दोन-तीन सेंटीमीटर. ही जास्तीची लांबी खांद्याजवळ, दोन्ही खाचांच्या वरच्या भागात जिरवतात. काखेपासून खाचेपर्यंतचा भाग बहुतेक पॅटर्नमध्ये मुंढ्याच्या त्याच भागाइतकाच असतो. म्हणून तेवढाच भाग मोजून दोन्हींची तुलना करायची.

मोजायचं ते शिवायच्या रेषेवर, कापायच्या रेषेवर नाही. गोलाई आणि मुंढा दोन्ही वळलेले असतात, त्यामुळे मायेच्या आत आणि बाहेर लांबी बदलते. कडेपासून 1.5 सेंटीमीटर आत पेन्सिलने रेषा आखा आणि टेप कडेवर उभी धरून वळणावरून फिरवा. टेप आडवी ठेवली तर ती वळणावर नीट बसत नाही.

माझ्याकडे पुढचा भाग आणि पाठ खऱ्या कागदावर होते, म्हणून त्यांची मापं पक्की होती. पुढचा मुंढा 21.5 सेंटीमीटर, पाठीचा 23, दोन्ही मिळून 44.5. पुढच्या मुंढ्यात काखेपासून एकेरी खाचेपर्यंत 8 सेंटीमीटर. बाही मी चौकोनाची उभी बाजू 10 सेंटीमीटर येईल अशी छापली होती. तिच्यावर काखेपासून एकेरी खाचेपर्यंत 8.4 भरले. पाठीकडे मुंढ्यावर 9 आणि बाहीवर 9.4. पूर्ण गोलाई 48.3 आली, म्हणजे मुंढ्यापेक्षा 3.8 सेंटीमीटर जास्त.

नुसते 3.8 पाहिले असते तर मी ते चालवून घेतलं असतं, बाही थोडी जास्त चुण्यांची असेल असं समजून. पण काखेपासून खाचेपर्यंत दोन्हीकडे 4-4 मिलिमीटरचा फरक पडायला काही कारणच नव्हतं. त्या भागात बाहीची रेषा बरीचशी आडवी असते. म्हणून शंका आडव्या मापावर गेली आणि चौकोन पुन्हा मोजला. मूळ फोटोत त्याची उभी बाजू 388 पिक्सेल होती आणि आडवी 412. समोरासमोरच्या बाजू सारख्याच होत्या, म्हणजे कागद निमुळता झालेला नव्हता, नुसता उभ्या दिशेने दबलेला होता. उभी बाजू प्रमाण धरल्यामुळे सगळी रुंदी सहा टक्क्यांनी वाढली होती. दंडाजवळची खरी 36 सेंटीमीटरची रुंदी छापल्यावर 38.2 झाली होती.

दुरुस्ती सोपी होती. रुंदी आणि उंची एकमेकींना बांधून ठेवणारी खूण अ‍ॅपमध्ये काढून टाकली आणि फक्त रुंदीला 388 भागिले 412, म्हणजे सुमारे 0.942 ने गुणलं. पुन्हा छापल्यावर पुढे 8, मागे 9 आणि पूर्ण गोलाई 46.5 भरली. जास्तीची लांबी 2 सेंटीमीटर राहिली, जी अशा बाहीला शोभते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. चौकोन कागदाच्या एका कोपऱ्यात असतो आणि त्या कोपऱ्याबद्दलच खात्री देतो. म्हणून चौकोन बरोबर आला तरी शिवणी जुळवून बघायचा टप्पा टाळू नका. बाहीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीही मोजा, काखेपासून मनगटापर्यंत पुढची आणि मागची. साध्या बाहीत त्या सारख्याच हव्यात. एक बाजू लांब निघाली तर कागद तिरका दिसतो आहे आणि कोपरे ओढून दुरुस्ती करावी लागेल.

बाण

तुकड्याच्या आत लांब बाण असतो. दोन्ही टोकांना टोक असलेला बाण कापडाच्या उभ्या धाग्याशी, म्हणजे किनारीशी समांतर ठेवायचा. एकाच टोकाचा बाण असेल तर सगळ्या तुकड्यांचे बाण एकाच दिशेला हवेत. मखमलीसारख्या लवीच्या किंवा एका दिशेच्या नक्षीच्या कापडाला हे लागतं. दोन्ही टोकं काटकोनात कडेकडे वळलेली असतील तर ती कड कापडाच्या घडीवर ठेवायची, तिथे कापायचं नाही आणि मायाही सोडायची नाही.

फोटोत बाण कागदाच्या कडेला तिरका दिसला तर गोंधळू नका. छापताना जागा वाचवायला तुकडे कसेही फिरवलेले असतात, कागदाच्या कडेला काहीच अर्थ नसतो. बाण खरा आहे का हे तुकड्याच्या आतच तपासा. पुढच्या भागात बाण बहुधा मध्यरेषेशी समांतर असतो. साध्या बाहीत काखेच्या एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेषा आखली तर बाण तिच्याशी काटकोन करतो. काटकोन जमत नसेल तर फोटो अजून सरळ झालेला नाही. उरेब कापायच्या तुकड्यावर बाण तिरका असणारच, तिथे ही तपासणी लागू नाही.

बाण आखूड असेल तर पट्टी लावून तो तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढवा. 12 सेंटीमीटरच्या बाणात टोकाला 2 मिलिमीटर चूक झाली, तर 60 सेंटीमीटरच्या बाहीत ती 1 सेंटीमीटर होते. मनगटाकडे बाही पिळलेली दिसते ती अशाने, आणि एकदा कापल्यावर ती शिलाईने सरळ होत नाही.

कापडावर

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे नंतर आकसणार नाही. दुहेरी घातलं तर दोन्ही किनारी एकमेकींवर बसवा आणि घडीत पीळ पडलेला नाही ना ते पाहा. कागद ठेवून बाणाच्या एका टोकाला टाचणी लावा आणि तिथून किनारीपर्यंत मोजा. समजा 23.5 सेंटीमीटर आले. आता दुसरं टोक टाचणीभोवती फिरवून तिथूनही 23.5 येईपर्यंत कागद सरकवा आणि मग दुसरी टाचणी लावा. कडेच्या टाचण्या त्यानंतर. आधी कडा टाचल्या तर कागद हलत नाही आणि माणूस बाणाशी तडजोड करतो. होजिअरीच्या कापडात किनार बऱ्याचदा गुंडाळलेली किंवा वाकडी असते. तिथे विणीतली टाक्यांची उभी रांग धरा.

फोटोवरून बनवलेल्या बाहीची पहिली कापणी मी चांगल्या कापडावर करत नाही. जुन्या चादरीचा तुकडा घेऊन एकच बाही कापते आणि धावदोऱ्याने मुंढ्यात बसवते. खाचेला खाच आणि वरचा ठिपका खांद्याच्या शिवणीला लागला की पुढे जाते.

खऱ्या कापडावर कापताना खाचेशी कात्री खोल आत घालू नका. 1.5 सेंटीमीटरच्या मायेत 3 ते 4 मिलिमीटरचा छोटा छेद पुरतो, त्याहून खोल गेला तर शिवण सैल करायला जागा उरत नाही. 1 सेंटीमीटर माया असेल किंवा कापडाचे धागे सुटत असतील तर त्रिकोण बाहेरच्या बाजूला कापा किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घाला. दुहेरी खाचेचे दोन छेद एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ठेवा. आणि कागद उचलण्याआधी खडूने दोन्ही बाह्यांच्या उलट बाजूवर पुढची बाजू कुठली ते लिहा, कारण दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या कापडात कागद उचलल्यावर उजवी-डावी बाही नुसत्या नजरेने ओळखता येत नाही.